दहा मीटर एलईडी स्ट्रिप शेवटच्या पिक्सेलपर्यंत पांढरी कशी ठेवायची

सणाच्या सजावटीसाठी पत्त्यावर चालणारी, म्हणजे प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठरवता येणारी लांब एलईडी स्ट्रिप लावली की एक तक्रार हमखास येते. सुरुवातीला झकास पांढरा प्रकाश, मध्यावर पिवळट झाक आणि शेवटाला मळकट लाल. दोष स्ट्रिपचाही नसतो आणि प्रोग्रॅमचाही नसतो. वीज स्ट्रिपच्या शेवटापर्यंत पुरेशा दाबाने पोचलेली नसते, एवढेच. दुसरी तक्रार म्हणजे मधूनच भलतेच रंग चमकणे. तिचे मूळ बहुतेक वेळा डेटाच्या वायरमध्ये असते. दोन्ही दुखणी वेगळी, त्यामुळे उपायही वेगळे.

उदाहरणासाठी सर्वांत जास्त वापरली जाणारी स्ट्रिप घेऊ: ५ व्होल्टची WS2812B, मीटरला ६० पिक्सेल, ५ मीटरची दोन रिळे जोडून १० मीटर, म्हणजे ६०० पिक्सेल.

आधी करंटचा हिशोब

एका पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे असतात. प्रत्येकी २० मिलिअँपिअर धरले, तर पूर्ण पांढऱ्या रंगाला एका पिक्सेलला ६० मिलिअँपिअर लागतात. ६०० पिक्सेलचे ३६ अँपिअर, म्हणजे १८० वॉट. नव्या उत्पादनातल्या बऱ्याच स्ट्रिप प्रत्यक्षात यापेक्षा कमी करंट घेतात, पण मोजल्याशिवाय त्यावर विसंबू नये. ३० पिक्सेल पूर्ण पांढरे लावा, मल्टिमीटरवर करंट बघा आणि ३० ने भागा. मीटर नेहमी १० अँपिअरच्या रेंजवर ठेवा.

सजावटीला पूर्ण पांढरा, पूर्ण तेजस्वी प्रकाश जवळजवळ कधीच लागत नाही. रात्री अर्ध्या ब्राइटनेसवरही ही स्ट्रिप डोळ्यांना भरपूर वाटते. म्हणून आपल्या उदाहरणात दोन मर्यादा ठरवू. ब्राइटनेस निम्मा, म्हणजे एका पिक्सेलला जास्तीत जास्त सरासरी ३० मिलिअँपिअर. आणि एकूण करंट १५ अँपिअरच्या आत. त्यासाठी ५ व्होल्ट २० अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे घरगुती विजेपासून ५ व्होल्ट देणारा सप्लाय, घ्यावा. त्याच्यावर पाऊणच भार येतो, त्यामुळे तो तासन्‌तास चालला तरी फार तापत नाही. लेबलवर लिहिलेल्या आकड्याइतका भार त्याच्यावर कायम टाकू नये.

या मर्यादा फास्टएलईडी लायब्ररीत अशा लिहितात. हाच प्रोग्रॅम पुढे चाचणीसाठीही उपयोगी पडेल:

```cpp
#include <FastLED.h>
#define DATA_PIN 16
#define NUM_LEDS 600
CRGB leds[NUM_LEDS];

void setup() {
  FastLED.addLeds<WS2812B, DATA_PIN, GRB>(leds, NUM_LEDS);
  FastLED.setBrightness(128);
  FastLED.setMaxPowerInVoltsAndMilliamps(5, 15000);
}

void loop() {
  fill_solid(leds, NUM_LEDS, CRGB::White);
  FastLED.show();
  delay(20);
}
```

लायब्ररी करंट मोजत नाही. रंगांच्या आकड्यांवरून अंदाज बांधते आणि गरज पडली तर सगळ्यांचा प्रकाश कमी करते. डेटा बिघडून पिक्सेल स्वतःहून पूर्ण पांढरे झाले, तर ही मर्यादा काहीच रोखू शकत नाही. म्हणून फ्यूज लागतातच. त्याकडे पुढे येऊ.

लांबी दुप्पट, घट चौपट

स्ट्रिपच्या पातळ पट्टीवर प्लस आणि मायनस असे तांब्याचे दोन चपटे पट्टे असतात. त्यांनाही रोध असतो. साधारण दर्जाच्या स्ट्रिपमध्ये जाण्यायेण्याचा, म्हणजे दोन्ही पट्ट्यांचा मिळून, मीटरला ०.१५ ओहम धरून चालू. स्वस्त स्ट्रिपमध्ये तांबे पातळ असते आणि हा आकडा दुप्पटही निघू शकतो.

एका टोकातून वीज दिली, की पहिल्या मीटरमधून सगळ्या पिक्सेलचा करंट वाहतो, दुसऱ्या मीटरमधून उरलेल्यांचा, आणि शेवटच्या मीटरमधून फक्त शेवटच्या ६० पिक्सेलचा. भार असा सारखा पसरलेला असला, की टोकाला होणारी व्होल्टेजची घट सोप्या सूत्राने काढता येते: एकूण करंट गुणिले एकूण रोध, भागिले दोन.

निम्म्या ब्राइटनेसवर मीटरला १.८ अँपिअर लागतात. १० मीटर एकाच टोकातून चालवायचे, तर १८ अँपिअर गुणिले १.५ ओहम भागिले २, म्हणजे साडेतेरा व्होल्ट घट. मुळात आपल्याकडे ५ व्होल्टच आहेत. म्हणजे ही मांडणी चालणेच शक्य नाही. पुढचे पिक्सेल अर्धपोटी राहतात, कमी करंट घेतात आणि स्ट्रिप कशीबशी पिवळी-लाल जळते.

आता दोन्ही टोकांतून वीज द्या. प्रत्येक बाजूला ५ मीटरचाच भार उरतो. करंट निम्मा झाला आणि रोधही निम्मा झाला, म्हणून घट चौथाई होते: ३.४ व्होल्ट. अजूनही खूपच. मधोमध आणखी एक जागा दिली, म्हणजे ०, ५ आणि १० मीटरवर वीज आली, तर प्रत्येक जागेला कोणत्याही बाजूला अडीच मीटरच सांभाळावे लागतात आणि घट ०.८४ व्होल्टवर येते. दर अडीच मीटरवर, म्हणजे पाच जागी वीज दिली, तर घट उरते फक्त ०.२१ व्होल्ट.

पॉवर इंजेक्शन म्हणतात ते हेच. जास्त मोठा एसएमपीएस घेऊन ही घट कमी होत नाही, हे इथे नीट लक्षात घ्यावे. ४० अँपिअरचा सप्लाय एकाच टोकाला जोडला तरी तांब्याचा पट्टा तेवढाच पातळ राहतो, आणि शिवाय शॉर्ट झाल्यास जाळायला जास्त करंट उपलब्ध होतो.

स्ट्रिपचा खरा रोध काढणे अवघड नाही. ५ मीटरचे एक रीळ एकाच टोकातून जोडा. सगळे पिक्सेल बंद ठेवून दोन्ही टोकांचे व्होल्टेज मोजा आणि फरक लिहून ठेवा. मग फक्त शेवटचे २० पिक्सेल पांढरे लावा आणि पुन्हा दोन्ही टोके मोजा. फरकात जेवढी वाढ झाली, तिला वाढलेल्या करंटने भागले की ५ मीटरचा रोध मिळतो. बंद पिक्सेलही आतल्या चिपसाठी थोडा करंट घेतच असतात, म्हणून आधीचे मोजमाप वजा करायचे. उत्तर ०.७५ ओहमच्या आसपास आले, तर वरचा हिशोब तुमच्या स्ट्रिपला लागू आहे. दीड ओहम आले, तर वीज देण्याच्या जागा आणखी जवळ घ्याव्या लागतील.

पांढरा रंग पिवळा का पडतो याचेही उत्तर यातच आहे. निळ्या आणि हिरव्या दिव्याला पेटायला साधारण ३ व्होल्ट लागतात, लालला २. शिवाय करंट स्थिर ठेवायला चिपलाही थोडे व्होल्टेज हवे असते. पट्ट्यावरचा दाब उतरत गेला की आधी निळा कमी पडतो, मग हिरवा, आणि लाल शेवटपर्यंत तग धरतो. म्हणून चाचणी नेहमी पांढऱ्या रंगावर करावी. लाल रंगावर सगळे ठीक दिसेल आणि फसगत होईल.

वायरिंग

एसएमपीएस स्ट्रिपच्या टोकाला न ठेवता मध्याजवळ ठेवा. मग सर्वांत लांबची वायर ५ मीटरची पुरते. प्रत्येक जागेसाठी एसएमपीएसपासून प्लस आणि मायनसची स्वतंत्र जोडी न्या. एका जोडीवरून पुढची जोडी काढत गेलात, तर पहिल्या वायरवर सगळ्यांचा भार येतो आणि आपण स्ट्रिपवर वाचवलेली घट वायरवर गमावतो.

वायर १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची घेऊ. तिचा रोध मीटरला सुमारे ०.०१२ ओहम. टोकाच्या जागेला एकाच बाजूचे सव्वा मीटर सांभाळायचे असल्याने तिच्यातून २.२५ अँपिअर जातात. ५ मीटर जाणे आणि ५ मीटर येणे मिळून ०.१२ ओहम, म्हणजे ०.२७ व्होल्ट घट. अडीच मीटरवरच्या जागेला दोन्ही बाजू सांभाळायच्या असतात, तिच्यातून ४.५ अँपिअर जातात, पण वायर निम्मी आहे, म्हणून घट तीच. वायर आणि स्ट्रिप दोन्हींची बेरीज अर्ध्या व्होल्टच्या आत राहते आणि सर्वांत गरीब पिक्सेललाही साडेचार व्होल्ट मिळतात. तेवढ्यावर पांढरा पांढराच दिसतो.

वीज देताना प्लस आणि मायनस दोन्ही द्यायचे. नुसता प्लस जोडून मायनस सोडून देणे ही फार सामान्य चूक आहे. घट दोन्ही पट्ट्यांवर सारखीच होते. फक्त प्लस जोडला तर निम्मेच दुखणे बरे होते, आणि सगळा परतीचा करंट एकाच पातळ मायनस पट्ट्यातून जातो.

स्ट्रिपचे सोल्डर करायचे टॅब छोटे असतात. जाड वायर थेट चिकटवली की तिच्या वजनाने आणि ताठपणाने टॅब उपटून येतो. म्हणून ०.७५ चौरस मिलिमीटरचा बोटभर मऊ तुकडा टॅबला सोल्डर करा आणि तो जाड वायरला जोडा. जोडावर हीट-श्रिंक चढवा आणि तुकड्याला गोंद लावून ओढ बसणार नाही असे करा. स्ट्रिपसोबत येणारे तीन पिनांचे छोटे कनेक्टर साधारण ३ अँपिअरसाठीच असतात. डेटासाठी ते छान, पण इंजेक्शनचा करंट त्यांतून नेऊ नये. हाताला गरम लागणारा कनेक्टर म्हणजे पुढे वितळणारा कनेक्टर.

प्रत्येक जोडीच्या प्लस वायरवर, एसएमपीएसच्या अगदी जवळ, फ्यूज लावा: दोन टोकांना ५ अँपिअरचे, मधल्या तीन जागांना साडेसातचे. मध्यावरची, म्हणजे ५ मीटरवरची वायर सर्वांत आखूड असते, त्यामुळे ती आपल्या वाट्यापेक्षा थोडा जास्त करंट उचलते. साडेसातचा फ्यूज ते सहज सोसतो. गाड्यांमध्ये वापरतात ते पात्यांचे फ्यूज इथे चांगले. ५ व्होल्टने शॉक बसत नाही म्हणून लोक फ्यूज टाळतात, पण २० अँपिअर एका चिमटलेल्या वायरमधून गेले तर तिचे प्लास्टिक पेटते, आणि सजावटीत भोवती कागद नि कापडच असते.

एसएमपीएसच्या घरगुती विजेच्या बाजूला मात्र अजिबात ढिलाई नको. उघडे स्क्रू झाकणाऱ्या डब्यात तो बसवा, हवा खेळू द्या, अर्थिंग जोडा. उघड्यावर लावायचा असेल तर पावसापासून वाचवणाऱ्या डब्यातच.

एकाऐवजी दोन एसएमपीएस वापरणार असाल, तर एक नियम पाळा: जिथे एकाचा भाग संपतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो, तिथे स्ट्रिपचा प्लस पट्टा कापायचा, मायनस आणि डेटा मात्र सलग ठेवायचे. दोन सप्लायचे व्होल्टेज कधीच तंतोतंत सारखे नसते. प्लस जोडलेले राहिले, तर जास्त व्होल्टेजवाला सगळा भार स्वतःकडे ओढतो, आणि एक बंद पडला की दुसरा स्ट्रिपच्या पातळ पट्ट्यातून सगळ्यांना पोसायला बघतो. मायनस तोडला, तर डेटाला संदर्भच उरत नाही आणि पुढचा भाग वेड्यासारखा चमकतो.

डेटाची वायर आणि तो छोटा रेझिस्टर

डेटाला इंजेक्शन लागत नाही. प्रत्येक पिक्सेल आपले २४ बिट काढून घेतो आणि उरलेला सिग्नल नव्याने, पूर्ण ताकदीने पुढे पाठवतो. म्हणून ६०० व्या पिक्सेलला मिळणारा सिग्नल पहिल्याइतकाच ताजा असतो. खरी नाजूक जागा एकच: प्रोग्रॅम चालवून डेटा पाठवणाऱ्या कंट्रोलरपासून पहिल्या पिक्सेलपर्यंतची वायर.

या वायरवर एक बिट सव्वा मायक्रोसेकंदात जातो. शून्यासाठी सिग्नल सुमारे ०.४ मायक्रोसेकंद वर राहतो, एकसाठी ०.८. सिग्नलच्या कडा अत्यंत तीव्र असतात. अशी कड वायरच्या दुसऱ्या टोकाला पोचली की पिक्सेलचे इनपुट जवळजवळ काहीच करंट घेत नसल्याने ती परत उसळते. मग वायरवर थरथर उठते, व्होल्टेज क्षणभर मर्यादेबाहेर जाते आणि चिपला एकाऐवजी दोन कडा दिसल्याचा भास होतो. मालिकेत लावलेला रेझिस्टर ही उसळी शोषून घेतो.

त्याचे दुसरे काम संरक्षणाचे आहे. स्ट्रिपची वीज बंद आणि कंट्रोलर चालू, ही स्थिती तपासणी करताना वारंवार येते. तेव्हा डेटा पिनमधला करंट पहिल्या पिक्सेलच्या आतल्या संरक्षक डायोडमधून शिरून सगळ्या स्ट्रिपलाच वीज द्यायला बघतो. ३३० ओहमचा रेझिस्टर असला, तर ५ व्होल्टच्या सिग्नललाही हा करंट १३ मिलिअँपिअरच्या आसपास अडतो. नसला, तर पहिला पिक्सेल किंवा कंट्रोलरची पिन जाते.

मग किती ओहमचा आणि कुठे? कंट्रोलर स्ट्रिपजवळ, अर्ध्या मीटरच्या आत असेल तर ३३० किंवा ४७० ओहम, पहिल्या पिक्सेलच्या डेटा-इन टॅबशी. पाव वॉटचा साधा रेझिस्टर पुरतो. वायर दोन-तीन मीटर लांब असेल आणि खाली सांगितलेला बफर वापरत असाल, तर ६८ ते १०० ओहम, बफरच्या आउटपुटशी. उसळून परत आलेली कड तिथेच विरते. लांब वायरला मोठा रेझिस्टर लावू नये, कारण वायरची स्वतःची कपॅसिटी असते. ५ मीटर वायरची २५० पिकोफॅरॅड धरली, तर ४७० ओहमबरोबर तिचा वेळ ०.१२ मायक्रोसेकंद होतो. शून्याच्या ०.४ मायक्रोसेकंदापुढे हा वेळ दुर्लक्ष करण्याजोगा नाही. कडा गोल होतात आणि बिट ओळखण्यात चूक होऊ लागते. १० किलोओहमचा लावला तर स्ट्रिप बहुधा पेटणारच नाही.

आता बफर कशासाठी? WS2812B ला ५ व्होल्टवर चालवताना सिग्नल ३.५ व्होल्टच्या वर गेला तरच तो हमखास एक मानला जातो. ईएसपी३२ सारखे कंट्रोलर ३.३ व्होल्टच देतात. टेबलावर बहुतेक वेळा चालून जाते, आणि सजावट लावल्यावर लांब वायर, थंड हवा किंवा जरा चढे व्होल्टेज मिळाले की चमकायला लागते. अशा नशिबावर चालणाऱ्या जोडणीपेक्षा 74AHCT125 हा बफर ५ व्होल्टवर चालवून मध्ये लावावा. तो ३.३ चे इनपुट ओळखतो आणि ५ व्होल्टचा सिग्नल देतो. याच कामासाठी दोन्ही बाजूंनी चालणारे छोटे मॉस्फेटचे बोर्ड मिळतात, ते या वेगाला कमजोर पडतात.

डेटाच्या वायरसोबत तिची स्वतःची ग्राउंड वायर पीळ घालून न्या. ती कंट्रोलरच्या ग्राउंडपासून पहिल्या पिक्सेलच्या मायनसपर्यंत जावी. आपल्या मांडणीत वीज मध्यातून येते आणि डेटा टोकातून शिरतो. ग्राउंडने लांबचा वळसा घेतला, तर मोठ्या करंटमुळे पडलेली घट थेट सिग्नलमधून वजा होते.

स्ट्रिपच्या सुरुवातीला प्लस आणि मायनसमध्ये १००० मायक्रोफॅरॅडचा, किमान ६.३ व्होल्टचा कपॅसिटर लावा. वीज सुरू होतानाचा झटका तो झेलतो. पट्टा असलेली बाजू मायनसला. उलटा लावला तर तो फुटतो.

सुरू करताना आणि बिघडल्यावर

वीज देण्याआधी मल्टिमीटरने प्रत्येक जागी प्लस-मायनस शॉर्ट नाही आणि उलटे नाही हे तपासा. जोडताना ग्राउंड आधी, मग ५ व्होल्ट, डेटा शेवटी. काढताना याच्या उलट. पहिल्या पाच मिनिटांत प्रत्येक जोडाला हात लावून बघा. स्ट्रिप रिळावर गुंडाळलेली असताना पूर्ण पांढरी चालवू नका, उष्णता आत कोंडते.

मग सगळे पांढरे लावून दोन इंजेक्शनच्या बरोबर मधोमध, म्हणजे १.२५, ३.७५, ६.२५ आणि ८.७५ मीटरवर व्होल्टेज मोजा. सर्वांत कमी व्होल्टेज तिथेच सापडते, इंजेक्शनच्या जागी नाही. एकाच ठिकाणी बाकीच्यांपेक्षा ठळक कमी आले, तर शेजारच्या जोडीचा फ्यूज, स्क्रू किंवा सोल्डर बघा.

रंग सुरुवातीला बरोबर आणि पुढे हळूहळू पिवळे होत असतील, तर प्रश्न विजेचा आहे. पहिल्या पिक्सेलपासूनच सगळे वेडेवाकडे चमकत असेल, तर प्रश्न डेटाचा आहे: आधी ग्राउंड, मग बफर, मग रेझिस्टर. मंद प्रकाशात ठीक आणि तेजस्वी करताच चमकत असेल, तर ग्राउंडवरची घट किंवा कमी पडलेले व्होल्टेज पहावे. एका ठराविक पिक्सेलपर्यंत व्यवस्थित आणि त्यापुढे सगळे बंद, याचा अर्थ शेवटच्या चालू पिक्सेलचे आउटपुट किंवा पहिल्या बंद पिक्सेलचे इनपुट गेले. दोन्ही कापून तितकाच नवा तुकडा सोल्डर करा, बाणांची दिशा सारखी ठेवून. हेच रिळांच्या जोडावर घडले असेल, तर बहुधा डेटाचा टाका कच्चा असतो. लाल मागितल्यावर हिरवा आला, तर प्रोग्रॅममधला GRB हा क्रम बदलावा, वायरिंगला हात लावू नये. सगळे पांढरे करताच एसएमपीएस टकटक करत बंद-चालू होत असेल, तर तो आपल्या मर्यादेवर पोचला आहे. `setMaxPowerInVoltsAndMilliamps` मधला आकडा उतरवून बघा. तरीही थांबले नाही, तर एकेक फ्यूज काढत कोणत्या भागात शॉर्ट आहे ते शोधा. मात्र एक फ्यूज काढला तरी त्या भागाला शेजारच्या जागांकडून स्ट्रिपमधून वीज मिळतच राहते, म्हणून संशयित भाग पूर्ण वेगळा करायचा तर स्ट्रिपचा प्लस पट्टा त्याच्या दोन्ही बाजूंना तोडावा लागतो.